तक्रारींच्या नोंदवहीतून सर्व्हिस हेडच्या हातात एक पान कसं द्यावं?

प्रश्न: पुण्यात आमची आरओ वॉटर प्युरिफायरची सर्व्हिस आहे. कॉल घेणाऱ्या मुली सगळ्या तक्रारी एक्सेलमध्ये लिहितात, महिन्याला सहाशेच्या वर ओळी होतात. आमच्या सर्व्हिस हेडना दर महिन्याला एका पानात तीन गोष्टी हव्या असतात: तक्रारी कोणत्या प्रकारच्या, परत परत कशामुळे येतात आणि उघड्या केस किती. मी पिव्होट टेबल करून पाठवतो, तर ते म्हणतात, "यातून मी नक्की काय करायचं ते कळत नाही." हे काम नीट कसं करावं?

उत्तर:

तुमच्या हेडचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्यात तुमच्या पिव्होटचा फारसा दोष नाही. दोष बहुतेक मूळ नोंदीत असतो. सर्व्हिसच्या नोंदवहीत एकाच ओळीत तीन वेगळ्या माणसांचं बोलणं असतं. "पाणी फार हळू येतंय" असं ग्राहक सांगतो, ते कॉल घेणारी लिहिते. घरी गेलेला टेक्निशियन "मेम्ब्रेन चोक, बदलला" असं लिहून केस बंद करतो. मेम्ब्रेन का चोक झाला, हे मात्र कुणीच लिहीत नाही, कारण ते विचारणारा रकाना नसतो. मग सारांश करणारा या दोन वाक्यांतलं जे आधी दिसेल ते उचलून त्याला प्रकार म्हणतो, आणि "कमी पाणी", "मेम्ब्रेन", "टेक्निशियन उशिरा" हे सगळं एकाच यादीत जाऊन बसतं. त्या यादीतून कुणालाच निर्णय घेता येणार नाही.

म्हणून पहिलं काम हे: शीटमध्ये उजवीकडे तीन नवे रकाने काढा. पहिल्यात ग्राहकाची तक्रार, दुसऱ्यात टेक्निशियनला काय सापडलं, तिसऱ्यात मूळ कारण. पहिले दोन प्रत्येक ओळीला भरायचे. तिसरा बहुतेक ओळींना कोराच राहील आणि राहू द्या. ते कसं भरायचं ते पुढे सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून जुलै महिन्याच्या ६२० ओळी आहेत असं धरून पूर्ण हिशेब मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, पण त्यांची घडण अशा नोंदवहीत दिसते तशीच आहे.

आधी ओळी आणि तक्रारी वेगळ्या करा

६२० ओळी म्हणजे ६२० तक्रारी नव्हेत. एकाच बाईंनी सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी फोन केला की तीन तिकिटं तयार होतात. हे ओळखायला ग्राहकाचं नाव उपयोगाचं नाही, कारण एकदा नवरा फोन करतो, एकदा बायको, एकदा घरमालक. मशीनचा सिरीयल नंबर धरा. तो नसेल तर फ्लॅट नंबर आणि सोसायटी धरा.

इथे एक फरक काटेकोरपणे पाळावा लागतो. केस बंद होण्याआधी आलेला दुसरा फोन हा पाठपुराव्याचा फोन आहे. तो मूळ तक्रारीत मिसळायचा, फक्त त्या तक्रारीला किती फोन आले ते बाजूला लिहायचं. केस बंद झाल्यावर त्याच मशीनची तक्रार ३० दिवसांच्या आत पुन्हा आली, तर ती पुनरावृत्त तक्रार. ती मिसळायची नाही, उलट वेगळी मोजायची. तुमच्या पानावरचा सगळ्यात मोलाचा आकडा बहुधा तोच असतो. घाईत "डुप्लिकेट काढून टाका" असं बटण दाबलं की हाच आकडा पुसला जातो.

एक्सेलमध्ये A रकान्यात नोंदीची तारीख, C मध्ये मशीन नंबर आणि E मध्ये बंद केल्याची तारीख असेल, तर हे सूत्र पुरतं:

```
=IF(E2="","",COUNTIFS(C:C,C2,A:A,">"&E2,A:A,"<="&E2+30))
```

उत्तर शून्याहून जास्त आलं की ती केस बंद झाल्यावर परत उघडली आहे. सूत्र चालवण्याआधी तारखा खरंच तारखा आहेत का ते पाहा. हाताने भरलेल्या शीटमध्ये अर्ध्या तारखा मजकूर म्हणून साठलेल्या असतात, आणि ०५/०७ ही ५ जुलै आहे की ७ मे, यात संगणकाची गफलत होते. एका रिकाम्या रकान्यात `=ISNUMBER(A2)` खालपर्यंत ओढा. जिथे `FALSE` येईल तिथे हाताने दुरुस्त करा. दिवस-महिना उलटलेली तारीख मात्र `TRUE` दाखवते, म्हणून भलताच महिना दिसणाऱ्या तारखाही बघा. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते टाळलं तर पुढचा कुठलाच आकडा विश्वासाचा राहत नाही.

आपल्या उदाहरणात ६२० पैकी ११८ ओळी पाठपुराव्याच्या निघाल्या. ३७ ओळी तक्रारीच नव्हत्या: कुणी एएमसीचा दर विचारला होता, कुणाला घर बदलताना मशीन काढून दुसरीकडे बसवून हवं होतं. उरल्या ४६५ खऱ्या तक्रारी, आणि त्यातल्या ५८ पुनरावृत्त. ते ११८ फोनही फेकून देऊ नका. प्रत्येक फोन म्हणजे कुणीतरी वाट पाहून कंटाळलेलं आहे. "माणूस आला नाही" ही तक्रार नोंदवहीत वेगळी कमी वेळा येते, बरीचशी या पाठपुराव्याच्या फोनांमध्ये दडलेली असते.

प्रकार ग्राहकाच्या शब्दांवरून पाडा

प्रकारांची यादी आधी डोक्यातून बनवू नका. दर पाचवी ओळ घेत शंभरेक नोंदी सरळ वाचून काढा आणि बाजूला ग्राहकाच्याच भाषेत दोन-चार शब्द लिहा. "धार बारीक", "टाकी भरत नाही", "पाणीच येत नाही" असे शब्द जमतील. मग जवळजवळचे एकत्र करा. आरओच्या सर्व्हिसला सात-आठ प्रकार पुरतात. त्याहून जास्त केले की भरणारा गोंधळतो आणि वाचणारा कंटाळतो.

प्रकार ग्राहकाच्या बोलण्यावरून पाडायचे याचं कारण साधं आहे. टेक्निशियनचं निदान चुकू शकतं, बदलू शकतं, केस बंद करायच्या घाईत काहीही लिहिलं जाऊ शकतं. ग्राहकाला काय त्रास झाला हे मात्र फोन आला त्या क्षणी पक्कं असतं. दर महिन्याची तुलना त्यावरच टिकते.

एका फोनमध्ये दोन तक्रारी असल्या तर काय करायचं, याचा नियम आधीच लिहून ठेवा. माझा नियम असा: शॉक बसणं, वायर जळाल्याचा वास आणि स्विचबोर्डवर पाणी गळणं हे कशाहीसोबत आलं तरी तेच मुख्य. नाहीतर ज्यासाठी ग्राहकाने फोन केला ते मुख्य, आणि दुसरी तक्रार शेजारच्या रकान्यात. मोजणी फक्त मुख्य तक्रारीची, म्हणजे बेरीज ४६५ च्या वर जात नाही.

यादी पक्की झाली की त्याच पन्नास नोंदी तुम्ही आणि कॉल घेणारी एक मुलगी, दोघांनी एकमेकांचं न बघता भरा. दहा-बारा ठिकाणी उत्तर वेगळं आलं तर प्रकारांची व्याख्या ढिली आहे. बहुतेक वेळा भांडण एकाच सीमेवर असतं: "पाणी येत नाही" आणि "मशीन चालू होत नाही". तिथे एक ओळीचा नियम लागतो. दिवा लागत असेल तर पहिला प्रकार, दिवाच लागत नसेल तर दुसरा. हा प्रश्न कॉल घेतानाच विचारायची सवय लावली तर पुढच्या महिन्यात तुमचं निम्मं काम कमी होईल.

जुलैचं चित्र असं आलं:

| ग्राहकाची तक्रार | संख्या |
|---|---|
| पाणी कमी येतं किंवा येतच नाही | १४८ |
| गळती | ९२ |
| चव, वास, रंग | ७१ |
| मशीन चालू होत नाही | ४९ |
| टेक्निशियन आला नाही, उशीर | ३८ |
| आवाज, मशीन थांबतच नाही | ३३ |
| बिल आणि एएमसीचे पैसे | २२ |
| इतर | १२ |

"इतर" मध्ये शंभरात पाचाहून जास्त जायला लागल्या की तो डबा उघडून बघायचा. त्यात नवा प्रकार जन्म घेत असतो.

हा तक्ता तुम्ही आजही पाठवत असाल. इथे थांबलात तर हेड पुन्हा तेच म्हणतील. खरं काम इथून पुढे आहे.

मूळ कारणापर्यंत कसं जायचं

सगळ्यात मोठा गट घेऊ: पाणी कमी येण्याच्या १४८ तक्रारी. टेक्निशियनला काय सापडलं, त्या रकान्यावरून त्या अशा फुटल्या: प्री-फिल्टरची कँडल चोक ६१, मेम्ब्रेन चोक ५२, पंप किंवा एसएमपीएस १९, टाकीचा फ्लोट किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्ह ९, आणि ७ ठिकाणी काहीच लिहिलेलं नाही.

"मेम्ब्रेन चोक" हे कारण नव्हे. ती भागाची अवस्था आहे. आपल्या सारांशांमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: खराब झालेल्या भागाचं नाव कारणाच्या रकान्यात लिहून मोकळं व्हायचं. त्यावरून हेड फार तर जास्त मेम्ब्रेन मागवतील. पुढच्या महिन्यात तेही चोक होतील.

कारण शोधायला ओळींना दुसऱ्या माहितीशी भिडवावं लागतं. माझ्या अनुभवात चार गोष्टी बहुतेक वेळा बोलतात: भाग, म्हणजे शहरातला परिसर, मशीनला शेवटचा हात कधी लागला, कुणी लावला, आणि स्टोअरमधून काय काय गेलं.

परिसरापासून सुरुवात करा. ५२ पैकी ३१ मेम्ब्रेन वाघोली आणि उंड्रीच्या बाजूचे निघाले. लगेच निष्कर्ष काढू नका, आधी त्या भागात तुमची मशीन किती आहेत ते बघा. समजा एकूण ८,००० मशीनपैकी १,१०० त्या पट्ट्यात आहेत. मग तिथे शंभर मशीनमागे जवळपास २.८ तक्रारी येतात, आणि उरलेल्या ६,९०० मशीनवर २१ म्हणजे शंभरामागे ०.३. नऊपटीच्या आसपासचा फरक आहे, तो योगायोगाने येत नाही. नुसते आकडे दिले असते तर कदाचित कोथरूड मोठं दिसलं असतं, कारण तिथे मशीनच जास्त आहेत. म्हणून परिसराचा आकडा नेहमी शंभर मशीनमागे द्या.

या बाजूच्या बऱ्याच सोसायट्या टँकर आणि बोअरवेलच्या पाण्यावर चालतात. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २,००० आहेत. इतकं कळलं की अनेक जण लिहून टाकतात: "मूळ कारण: पाणी खराब." हे खोटं नाही, पण अपुरं आहे. पाणी तर गेल्या वर्षीही जडच होतं. हेड पाणी बदलू शकत नाहीत. आपल्या हातातलं काय चुकतंय, तिथपर्यंत जायला हवं.

आता दुसरा प्रश्न: या ३१ मशीनना शेवटचा हात कधी लागला? जुन्या नोंदी काढल्यावर दिसलं की त्यातल्या १९ मशीनचा मेम्ब्रेन गेल्या बारा महिन्यांतच बदललेला आहे. म्हणजे नवा मेम्ब्रेनही वर्ष काढत नाही. यानंतर स्टोअरचं रजिस्टर उघडा. तक्रारींचा सारांश करणारे लोक स्टोअरच्या रजिस्टरकडे जातच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक पुरावा तिथेच असतो, कारण तिथल्या प्रत्येक ओळीमागे पैसे असतात. जुलैत ५२ मेम्ब्रेन गेले आणि एफआर, म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर, गेले फक्त ९.

ज्यांना मशीनची आतली माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो. मेम्ब्रेनमधून दोन धारा निघतात: एक शुद्ध पाण्याची, दुसरी क्षार घेऊन बाहेर जाणारी, तिला आपण रिजेक्ट म्हणतो. एफआर हा रिजेक्टच्या नळीतला बारीक अडथळा. तो मेम्ब्रेनवर दाब टिकवतो आणि रिजेक्ट किती जायचं ते ठरवतो. त्यात क्षार साचले की रिजेक्टची धार मंदावते, क्षार मेम्ब्रेनवरच अडकतात आणि त्याचा पापुद्रा धरतो. टेक्निशियन मेम्ब्रेन बदलतो, जुना एफआर तसाच ठेवतो. नवा मेम्ब्रेन त्याच अडलेल्या वाटेवर काम करायला लागतो आणि काही महिन्यांत त्याचीही तीच गत होते.

एवढं जुळलं तरी ही अजून शंकाच आहे. ती तपासायला सगळ्या मशीनकडे जायची गरज नाही. त्या १९ पैकी सहा-आठ घरांमध्ये एखाद्या जाणत्या टेक्निशियनला पाठवा आणि तीन गोष्टी लिहून आणायला सांगा. आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस. एका मिनिटात शुद्ध पाणी किती आणि रिजेक्ट किती, दोन मापांत धरून. आणि काढलेल्या मेम्ब्रेनवर काय साचलंय: पांढरा, खरखरीत थर असेल तर क्षार; तपकिरी चिखलासारखं असेल तर गाळ पुढे आलाय आणि दोष प्री-फिल्टरचा. समजा आठपैकी सहा घरांत रिजेक्टची धार त्या मॉडेलच्या ठरलेल्या मापापेक्षा खूपच कमी मिळाली आणि थर पांढरा निघाला. आता तिसऱ्या रकान्यात लिहायला तुमच्याकडे काहीतरी आहे: "जड पाण्याच्या भागात मेम्ब्रेनसोबत एफआर बदलला जात नाही." यावर हेड उद्या सकाळी आदेश काढू शकतात. उरलेल्या दोन घरांचं काय, हेही लिहा. तिथे कारण दुसरं असेल, आणि ते लपवलं तर पुढच्या महिन्यात तुमचंच पान तुम्हाला खोटं पाडेल.

प्रत्येक कारणापुढे ते किती पक्कं आहे, हे तीनपैकी एका शब्दात सांगा: तपासलेलं, दाट शक्यता, नुसती शंका. हेडना हे फार उपयोगी पडतं. तपासलेल्यावर ते पैसे खर्च करतील, शंकेवर फक्त तपासणी लावतील.

कँडलच्या ६१ तक्रारींची गोष्ट छोटी आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाण्यात गाळ वाढतो आणि कँडल लवकर भरते. ही तुलना जूनशी केली तर घबराट होईल. गेल्या जुलैशी करा. गेल्या जुलैतही साधारण तितक्याच असतील तर हा हंगाम आहे, बिघाड नव्हे. त्यावरचा उपाय मेमध्येच कँडलचा साठा करणं आणि एएमसीची पावसाळी भेट आधी उरकणं. पानावर यासाठी एक ओळ पुरे.

गळतीच्या ९२ मध्ये मात्र थोडं रेंगाळा. तिथे शेवटची भेट आणि तक्रार यांच्यातलं अंतर काढा. ९२ पैकी ३४ गळत्या आपला माणूस जाऊन आल्यावर सात दिवसांच्या आत सुरू झाल्या असतील, तर भाग खराब नाहीत, काम नीट झालेलं नाही: हाउसिंगची ओ-रिंग नीट बसवलेली नाही, नळी एल्बोमध्ये पूर्ण आत ढकललेली नाही. उरलेल्यांमध्ये सकाळच्या वेळी येणाऱ्या तक्रारी वेगळ्या काढून बघा. उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर पाण्याचा दाब जास्त असतो आणि प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला नसेल तर हाउसिंगला तडा जातो. मजला आणि वेळ या दोन गोष्टी नोंदवहीत असतातच, कुणी त्या नजरेने बघत नाही इतकंच.

टेक्निशियनच्या नावाने आकडे काढाल तेव्हा जपून. ज्याला सगळी जड पाण्याची घरं दिली आहेत, त्याच्या नावावर पुनरावृत्ती जास्त दिसणारच. एकाच परिसरातल्या दोघांची तुलना करा, आणि दोघांच्या मिळून तीसेक भेटी तरी असल्याशिवाय काही बोलू नका. नावं हेडशी बोलताना सांगा, सगळ्यांकडे फिरणाऱ्या पानावर लिहू नका. माणसाच्या पोटाचा प्रश्न असतो.

उघड्या केस स्टेटसच्या रकान्यावर मोजू नका

सॉफ्टवेअर सांगतं २७ केस उघड्या आहेत. बंद केलेल्या केसचे शेरे वाचायला घ्या. "पार्ट मागवला", "ग्राहक घरी नव्हते", "उद्या जाणार", "फोनवर सांगितलं" असे शेरे लिहून बंद केलेल्या केस सापडतील. अठ्ठेचाळीस तासांत केस बंद झाली पाहिजे असा दट्ट्या असला की ही युक्ती आपोआप रुजते, आणि त्यात मी टेक्निशियनला फार दोष देत नाही. मोजमापच तसं लावलेलं असतं. या शेऱ्यांनंतर पुढची भेट नोंदलेली नसेल तर ती केस उघडी आहे. आपल्या उदाहरणात अशा १६ निघाल्या. खरी उघडी संख्या ४३.

केसचं वय पहिल्या फोनपासून मोजा. बंद करून पुन्हा उघडलेल्या केसला नवं तिकीट मिळतं आणि सॉफ्टवेअर तिचं वय दोन दिवस दाखवतं, तिकडे ग्राहक तीन आठवडे पाणी विकत आणत असतो. पहिल्या फोनपासून मोजल्यावर पंधरा दिवसांच्या वरच्या केस ४ वरून ११ झाल्या.

वयापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे केस कुणापाशी अडली आहे. ४३ पैकी १७ पार्टसाठी, १२ आपल्या माणसाच्या वेळेसाठी, ६ ग्राहक सापडत नाही म्हणून आणि ८ खुद्द हेडच्या निर्णयासाठी थांबल्या आहेत: मशीन बदलून द्यायचं का, पैसे परत करायचे का, वॉरंटी संपून चार दिवस झालेत ते धरायचं का. हेडना या ८ केसच तिकीट नंबरासकट एकेका ओळीत द्या. उरलेल्या ३५ चे फक्त आकडे द्या, यादी सुपरवायझरकडे राहू द्या.

दोन तऱ्हेच्या केस मात्र वय कितीही असो, सगळ्यात वर लिहा. एक, शॉक किंवा जळण्याचा धोका असलेली. दुसरी, ग्राहक राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, गेला असेल किंवा वकिलाची नोटीस आली असेल ती. तिथे उत्तर द्यायची मुदत असते आणि ती हेडना महिन्याच्या पानावरून कळता कामा नये, त्याच दिवशी फोनवर कळली पाहिजे. पानावर ती फक्त कुठवर आली ते येतं.

पान प्रत्यक्षात कसं दिसेल

वर तारीख आणि वेळ: "३१ जुलै, संध्याकाळी ६ पर्यंतच्या नोंदी." त्याखाली साधारण असं:

> जुलै: ६२० नोंदी, त्यातल्या खऱ्या तक्रारी ४६५. बंद केल्यावर ३० दिवसांत परत आलेल्या ५८. थांबून कंटाळून केलेले फोन ११८.
>
> सगळ्यात मोठा गट: पाणी कमी येणं, १४८. यातल्या ६१ पावसाळी गाळाच्या, गेल्या जुलैइतक्याच.
>
> कारण १ (तपासलेलं): वाघोली-उंड्री पट्ट्यात मेम्ब्रेन बदलताना एफआर बदलत नाहीत. ३१ तक्रारी, १९ मेम्ब्रेन वर्षाच्या आत गेलेले. आठ घरं तपासली, सहांत खात्री झाली. दोन घरांत कारण वेगळं, शोध चालू. हवा असलेला निर्णय: या भागात मेम्ब्रेन आणि एफआर जोडीनेच द्यायचे.
>
> कारण २ (दाट शक्यता): भेटीनंतर सात दिवसांत सुरू झालेल्या गळत्या, ३४. निर्णय: निघण्याआधी दहा मिनिटं मशीन चालवून जोड तपासायचे आणि फोटो पाठवायचा, हे महिनाभर करून बघायचं का?
>
> कारण ३ (शंका): सकाळच्या गळत्या, खालचे मजले. ऑगस्टमध्ये मजला आणि वेळेप्रमाणे वेगळ्या काढून बघतो.
>
> उघड्या केस: ४३ (सॉफ्टवेअरमध्ये २७). पंधरा दिवसांवर ११. पार्टसाठी १७, आपल्या वेळेसाठी १२, ग्राहकासाठी ६, तुमच्या निर्णयासाठी ८, यादी खाली.

याखाली त्या ८ केस, आणि मग प्रकारांचा तक्ता. तक्ता खाली ठेवलाय तो मुद्दाम. हेडना तो पडताळायला लागतो, निर्णय घ्यायला लागत नाही.

ग्राहकांची दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी घाला, त्यांच्याच भाषेत, मराठी असो की हिंदी. "तीन वेळा माणूस येऊन गेला, प्रत्येक वेळी पैसे घेतले, पाणी तेवढंच येतं" हे वाक्य एफआरच्या मुद्द्यापुढे असलं की आकड्यांचा अर्थ वेगळा पोहोचतो. पण वाक्य निवडताना कारणाला धरून निवडा, सगळ्यात चिडलेलं म्हणून नको. ग्राहकाचं नाव आणि फोन नंबर पानावर नसावेत. तिकीट नंबर पुरतो.

छोट्या आकड्यांची चढ-उतार बातमी म्हणून देऊ नका. बिलाच्या तक्रारी १९ वरून २२ झाल्या यात सांगण्यासारखं काही नाही. सलग तीन महिने एकाच दिशेने गेल्या, किंवा एखाद्या विशिष्ट मॉडेलपुरत्या एकदम वाढल्या, तर लिहा.

दुसऱ्या महिन्यापासून पानाच्या सुरुवातीला आणखी दोन ओळी येतील: गेल्या वेळी कोणता निर्णय झाला आणि त्यानंतर आकडा हलला का. एफआर जोडीने द्यायला लागल्यावर परिणाम लगेच दिसणार नाही, कारण आधी बसवलेले मेम्ब्रेन अजून काही महिने जातच राहतील. म्हणून ऑगस्टपासून जोडीने बदललेल्या मशीनची वेगळी यादी ठेवा आणि त्यातली किती परत येतात तेवढंच मोजा. स्टोअरमध्ये मेम्ब्रेन आणि एफआर सारख्या संख्येने निघतायत का, हे मात्र पहिल्याच महिन्यात दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर आदेश कागदावरच राहिलाय, आणि ते त्याच ओळीत लिहायचं.

प्रकारांची यादी वर्षात एकदाच बदला, शक्यतो एप्रिलमध्ये. मध्येच बदलावीच लागली तर आधीच्या तीन महिन्यांच्या ओळी नव्या यादीप्रमाणे परत भरा आणि पानावर तसा शेरा टाका, नाहीतर एखादा प्रकार कमी झाला की त्याचं नुसतं नाव बदललं, हे हेडनाही कळणार नाही आणि सहा महिन्यांनी तुम्हालाही.